गुडघ्यापर्यंतच आला फोटो, पण गाऊनचा ट्रेल दाखवायचाय? कॅनव्हास वाढवताना काय होतं, ते समजून घ्या

देवगाव फाटा : रिसेप्शनसाठी घेतलेला लांब ट्रेलचा गाऊन, फोटोही झकास, पण फ्रेम गुडघ्यापाशीच संपली. खालचा घेर नाही, फरशीवर पसरलेला ट्रेल नाही. सेलू, जिंतूरकडच्या लग्नसराईत अशी तक्रार नवी नाही. आता फोटोशॉपमध्ये कॅनव्हास वाढवून हा भाग तयार करता येतो. २०२३ मध्ये त्यात Generative Expand ही सोय आली. मात्र ती खरा गाऊन परत आणत नाही, तर अंदाजाने नवा काढते. हे आधी लक्षात घ्यावं.

आधी माप, मग बटण

समजा, उभा फोटो आहे. अल्बममध्ये तो १२ बाय १२ इंचांत छापायचा आहे. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल लागतील. मूळ फोटो लहान करून १६०० रुंद आणि २४०० उंच ठेवला. त्यात नवरीच्या डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग २००० पिक्सेल भरतो.

माणसाच्या उंचीत गुडघ्याखालचा भाग पावपेक्षा थोडा जास्त असतो. त्या हिशेबाने खाली साधारण ८०० पिक्सेल पाहिजेत. उंच टाचेचे १०० आणि समोर पसरणाऱ्या घेराला व फरशीला ३०० धरले, की झाले १२००. हा हिशेब न करता खाली भरपूर जागा सोडली, तर यंत्र ती सगळी गाऊननं भरतं आणि नवरी सात फुटांची दिसायला लागते.

काम कसं करतात

Crop Tool घेऊन चौकट खाली आणि दोन्ही बाजूंना ओढायची. ट्रेल ज्या बाजूला पडणार, तिकडे जास्त जागा सोडायची. मग Generative Expand निवडून थोडक्यात शब्द लिहायचे, उदाहरणार्थ `long gown train on floor`, आणि Generate दाबायचं. तीन नमुने समोर येतात. हे काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं, म्हणून इंटरनेट लागतं.

सगळी जागा एका दमात भरू नये. सुरुवातीच्या आवृत्त्यांत यंत्र एका वेळी साधारण १०२४ बाय १०२४ पिक्सेलचंच चित्र बनवायचं आणि मोठ्या जागेत तेच ताणून बसवायचं. त्यामुळे वरचं जरीकाम लख्ख आणि खालचं कापड पुसट, असं व्हायचं. म्हणून आधी मधला घेर, मग एक बाजू, मग ट्रेल, असं तुकड्या-तुकड्यानं करावं. प्रत्येक वेळी जुन्या चित्राची थोडी पट्टी निवडीत घ्यावी, म्हणजे चुण्या आणि रंग जुळून येतात.

चूक कुठे पकडायची

पहिली जागा म्हणजे फरशी. फोटोत मागे लादीच्या रेघा दिसत असतील, तर नव्या रेघा त्यांनाच सरळ जोडल्या गेल्या पाहिजेत. दुसरी जागा सावली. उजेड डावीकडून असेल तर सावली उजवीकडे पडते, आणि कापड जिथे फरशीला टेकतं तिथे बारीक गडद रेघ दिसते. ती नसेल तर गाऊन हवेत तरंगल्यासारखा वाटतो. तिसरी जागा काठ. फोटो मोठा करून पाहा. काठावरची नक्षी मध्येच विरघळते, टिकल्या एकमेकींत मिसळतात किंवा काठ चुणीत शिरून परत बाहेरच येत नाही.

खरा ट्रेल कुठून आणायचा?

वरच्या उदाहरणात शेवटी तयार झालेल्या चित्रात खरा फोटो फक्त ३० टक्के आहे. उरलेला ७० टक्के बनवलेला. त्यामुळे त्याच जागी, त्याच उजेडात काढलेला पूर्ण गाऊनचा दुसरा फोटो असेल, तर खालचा भाग त्यातूनच घ्यावा आणि यंत्राकडून फक्त सांधा व मोकळी फरशी भरून घ्यावी. फोटोग्राफरने शूटच्या वेळी मागे सरकून एक फोटो पायापर्यंतचा काढून ठेवला, तर ही पाळीच येत नाही.

भाड्याने घेणाऱ्यांनी सावध राहा

घरच्या अल्बमात बनवलेला ट्रेल चालून जाईल. पण व्हॉट्सअ‍ॅपवर असाच वाढवलेला फोटो पाहून कुणी गाऊनचं भाडं भरलं, तर हातात येणारा ट्रेल आखूड निघू शकतो, घेरही कमी असू शकतो. अ‍ॅडव्हान्स देण्याआधी ट्रेलची लांबी फुटात विचारा आणि गाऊन जमिनीवर पसरून, गोल फिरून काढलेला व्हिडिओ मागवा. त्यात काठाची नक्षी फोटोतल्या नक्षीशी जुळते का, ते पाहा. जुळत नसेल, तर फोटोतला खालचा भाग दुकानात नाही, संगणकातच आहे असं समजा.