अपुऱ्या दिवसांचं बाळ श्वास घ्यायचं का थांबतं?

सातव्या महिन्यात, २९ आठवडे भरल्यावर जन्मलेलं, १२०० ग्रॅम वजनाचं बाळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पेटीत शांत झोपलेलं असतं आणि अचानक त्याची छाती हलायची थांबते. काही सेकंदांत पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरू लागतो, दीडशेच्या आसपास असलेले हृदयाचे ठोके ऐंशीवर येतात आणि अलार्म वाजतो. नर्स येऊन तळपायाला किंवा पाठीला हलकेच चोळते. बाळ अंग आक्रसतं आणि पुन्हा श्वास घेऊ लागतं. काचेपलीकडे उभ्या असलेल्या आईला वाटतं, फुप्फुसातच काहीतरी बिघडलंय. पण हा प्रकार फुप्फुसातून नव्हे, मेंदूतून सुरू झालेला असतो.

श्वास वीस सेकंदांहून जास्त थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबूनही ठोके मंदावले वा ऑक्सिजन उतरला, तर डॉक्टर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं हे लहान बाळांमध्ये नेहमीचं असतं. तो अ‍ॅप्निया नव्हे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला मात्र खरा अ‍ॅप्निया होतो.

श्वासाची लय मानेच्या वर, मेंदूच्या देठात ठरते. तिथल्या चेतापेशींच्या एका छोट्या पुंजक्यातून श्वास घेण्याचे संदेश निघतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र श्वास वाढवतं. २९ आठवड्यांच्या बाळात या पेशींमधल्या जोडण्या अजून कमी असतात, संदेशवाहक तंतूंवरचं आवरण अपुरं असतं आणि श्वास दाबणारे रासायनिक संकेत वरचढ असतात. म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढला तरी केंद्राचा प्रतिसाद मंद येतो. उलट तो थोडासा उतरला की केंद्र गप्प बसतं. या बाळांची रोजची पातळी आणि श्वास थांबवणारी पातळी यांत पाऱ्याच्या जेमतेम एक ते दीड मिलिमीटरचं अंतर असतं. दोन-चार खोल श्वास, एखादा उसासा एवढ्यानंही ते ओलांडलं जातं.

याहून विलक्षण गोष्ट ऑक्सिजनची आहे. आपल्याला ऑक्सिजन कमी पडला तर आपण जोरात श्वास घेतो. हे बाळही मिनिट-दोन मिनिटं तेच करतं, पण मग त्याचा श्वास मंदावतो, कधी थांबतोही. गर्भात हेच शहाणपणाचं होतं. तिथे ऑक्सिजन नाळेतून येतो. छाती हलवून तो वाढत नाही, उलट स्नायूंच्या कामात खर्च होतो. म्हणून गर्भ टंचाईत हालचाल थांबवतो. बाळ बाहेर आलं तरी मेंदूचा देठ अजून गर्भातल्याच नियमाने वागतो.

त्यातच घशाचे स्नायू सैल असतात. केंद्र गप्प झालं की श्वासमार्गही मिटतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र घडतं. कधी छाती हलत राहते पण हवा आत जात नाही. छातीची हालचाल मोजणारं यंत्र अशा वेळी फसतं. म्हणून ऑक्सिजन आणि ठोक्यांवर सतत नजर ठेवावी लागते. मान फार वाकलेली तर नाही, हेही बघितलं जातं. चोळून भागलं नाही, तर नाकातून सौम्य दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवतात.

मुख्य औषध आहे कॅफिन, चहा-कॉफीतलंच. मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य श्वासकेंद्राला दाबत असतं; कॅफिन त्याची जागा अडवतं. आपल्या १२०० ग्रॅमच्या बाळाला कॅफिन सायट्रेटचा पहिला डोस किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे २४ मिलिग्रॅम मिळतो आणि नंतर रोज किलोला ५ ते १०. दिवसातून एकदाच पुरतं, कारण मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच तासांत निम्मं होणारं कॅफिन या बाळात निम्मं व्हायला चार दिवसांच्या आसपास लागतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजार बाळांच्या मोठ्या चाचणीत कॅफिन मिळालेल्या बाळांना फुप्फुसांचा दीर्घ आजारही कमी झाल्याचं दिसलं.

तरीही प्रत्येक थांबलेला श्वास अपुऱ्या दिवसांच्या खात्यावर टाकणं धोक्याचं आहे. आठवडाभर ठीक असलेलं बाळ अचानक वारंवार श्वास थांबवू लागलं, दूध पचेनासं झालं, मलूल पडलं, तर आधी जंतुसंसर्ग, साखर उतरणं, रक्तक्षय, मेंदूतला रक्तस्राव हे तपासावं लागतं. जवळपास पूर्ण दिवसांच्या बाळात तर हे निदान सहज मानूच नये.

देठ पिकत जातो तसे हे झटके विरळ होतात. बहुतेक बाळांत ३६-३७ आठवडे भरेपर्यंत ते थांबतात. २८ आठवड्यांआधी आलेल्यांना ४३-४४ आठवड्यांपर्यंतही लागू शकतात. ३४ आठवड्यांच्या सुमारास कॅफिन बंद करतात, पण ते शरीरातून जायला वेळ घेतं. म्हणून औषध संपल्यावर, एकही झटका न येता साधारण पाच ते सात दिवस गेल्यावरच बहुतेक ठिकाणी बाळाला घरी सोडतात. आणखी थोडे दिवस थांबा असं डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.