एकवीसशे घरं, पण मोजायची किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या पाहण्यांत आधी गावं निवडतात, मग प्रत्येक गावातली काही घरं. प्रवासखर्च वाचतो, पण शेजारी शेजाऱ्यासारखाच निघतो.

समजा, 100 गावांतून प्रत्येकी 21 घरं घेतली. गावातल्या घरांचं साम्य (सहसंबंध) 0.05 असेल, तर आराखडा-परिणाम 1 + 20 × 0.05, म्हणजे 2. एकवीसशे घरांची माहिती सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 1050 घरांइतकीच! नळाच्या पाण्याबाबत साम्य 0.5 धरलं, तर उरतात जेमतेम 191. नळ येतो तो अख्ख्या वस्तीलाच. म्हणजे एकाच पाहणीत प्रत्येक प्रश्नाचा परिणामकारक नमुना वेगळा.

त्यात भारांकन आलं. निम्म्या घरांना तिप्पट वजन दिलं, तर ढोबळमानाने 1050 चे 840 होतात.


गावातली घरं वाढवून फारसं हाती लागत नाही; गावंच वाढवावी लागतात.