चारशे रीम कागद आणि एक दर

एखाद्या सरकारी कार्यालयाला वर्षाला चारशे रीम ए-फोर कागद लागतो असे धरू. कागद संपला की दर वेळी निविदा काढायची, तर अंदाजपत्रक, जाहिरात, बयाणा, तांत्रिक लिफाफा, दराचा लिफाफा, तुलनात्मक तक्ता आणि मग पुरवठा आदेश, एवढा सगळा घाट घालावा लागतो. शेजारच्या कार्यालयातही त्याच कागदासाठी तशीच फाईल फिरत असते.

यावरचा जुना उपाय म्हणजे दरकरार. केंद्रात हे काम पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे होते. एकदाच निविदा काढून ठरावीक मुदतीसाठी दर पक्का करायचा, माल किती घेणार याची हमी मात्र द्यायची नाही. त्या मुदतीत गरज पडेल त्या खात्याने थेट पुरवठा आदेश काढायचा.

मेख होती ती दरातच. बाजारभाव उतरला तरी करारातला आकडा तसाच राही. म्हणून अशा करारात दरकपातीचे कलम असे: पुरवठादाराने तोच माल इतर कोणाला स्वस्तात विकला, तर सरकारलाही तेवढ्यालाच द्यायचा. पण तो कुठे काय भावाने विकतो, हे शोधत बसणार कोण?

9 ऑगस्ट 2016 रोजी केंद्राचे 'जेम' हे ऑनलाइन खरेदी संकेतस्थळ सुरू झाले आणि 31 ऑक्टोबर 2017 रोजी महासंचालनालयाला टाळे लागले. इथे विक्रेते आपापला माल आणि भाव मांडतात, भाव बदलूही शकतात. केंद्राच्या 2017च्या वित्तीय नियमांनुसार 25 हजारांपर्यंतची वस्तू थेट घेता येई. त्यापुढे पाच लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत स्वस्त माल घ्यायचा आणि त्याहून मोठ्या खरेदीला ऑनलाइन बोली लावायची. या मर्यादा पुढे वाढवण्यात आल्या.

आता आपले चारशे रीम. रीमला अडीचशे रुपये धरले तर खरेदी एक लाखाची, म्हणजे तुलना आलीच. एकाच कंपनीचा कागद विकणारे तीन दुकानदार चालत नाहीत. उत्पादक तीन हवेत.

पळवाट निघते ती इथेच. ऐंशी-ऐंशी रीमचे पाच आदेश काढले की प्रत्येक आदेश वीस हजारांचा होतो आणि तुलनाच टळते. दुसरी युक्ती आणखी सफाईदार. शोधताना कागदाचे असे बारीकसारीक गुण निवडायचे की शेवटी हव्या त्याच विक्रेत्यांचा माल पडद्यावर उरावा. मग सर्वांत कमी दर दिसतो, पण तो आधीच चाळून ठेवलेल्यांमधला!

नियमाने मागणीचे असे तुकडे पाडायला मनाई आहे, आणि दर वाजवी असल्याची खात्री करण्याची जबाबदारी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच आहे. तेव्हा आपल्या भागातल्या कार्यालयाची खरेदी तपासायची असेल, तर माहिती अधिकारात दोन कागद मागावेत: एकाच वस्तूचे वर्षभरातले सगळे आदेश तारखांसह आणि प्रत्येक आदेशामागचा तुलनात्मक तक्ता.