थेट उड्डाण आणि वाटेतला एक थांबा : मुंबई–न्यूयॉर्क मार्गाच्या वीस वर्षांचा मागोवा

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत कोठेही न उतरता पोहोचता येणे ही गेल्या दोन दशकांतील घटना आहे. एअर इंडियाने १९६०मध्ये बोइंग ७०७ विमानांनी न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तेव्हा विमान लंडनमार्गे जात असे, आणि पुढील सुमारे साडेचार दशके अमेरिकेला जाणे म्हणजे युरोपात एकदा तरी खाली येणे असाच अर्थ होता. हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर असून ते पूर्ण भरूनही एका दमात कापू शकतील, आणि तरीही कंपनीला काही उत्पन्न उरेल, अशी विमाने त्या काळी नव्हती. त्यामुळे थेट जावे की थांबून जावे, हा प्रश्नच कुटुंबापुढे येत नसे. तो २००६-०७मध्ये आला. डेल्टा या अमेरिकन कंपनीने २००६च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क–मुंबई थेट सेवा सुरू केली आणि २००७च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाने बोइंग ७७७-२००एलआर या लांब पल्ल्याच्या विमानाने तीच वाट धरली.

याच सुमारास दुसरी वाटही रुंदावत होती. १९८५मध्ये ज्या एमिरेट्स कंपनीची पहिली उड्डाणे कराची आणि मुंबईला गेली होती, तिने २००४मध्ये दुबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली. दोहा आणि अबू धाबी येथील कंपन्याही त्याच दिशेने वाढत गेल्या. या विमानतळांना व्यवसायाच्या भाषेत ‘हब’ म्हणतात. अनेक शहरांहून आलेले प्रवासी जेथे विमान बदलून पुढील अनेक शहरांकडे जातात तो हब. तेथील वेळापत्रक लाटांसारखे आखलेले असते : दोन-तीन तासांत डझनावारी विमाने उतरतात, प्रवासी आणि सामान यांची अदलाबदल होते आणि पुढच्या दोन-तीन तासांत तीच विमाने निघून जातात.

एकथांबी तिकीट स्वस्त का पडते, याचे उत्तर अंतरात नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९०० आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर आहे. म्हणजे दुबईमार्गे जाणाऱ्याची वाट थेट वाटेपेक्षा तीन-चार टक्क्यांनीच लांबते, पण थांबा प्रवासाच्या अगदी आरंभी येत असल्याने पुढचे उड्डाण तसेच लांब राहते आणि इंधनाची फारशी बचत होत नाही. खरे कारण जोड्यांच्या गणितात आहे. तीस शहरांहून येणारी विमाने वीस शहरांकडे जाणाऱ्या विमानांना जोडली, तर पन्नास मार्गांवर सहाशे प्रवास विकता येतात. न्यूयॉर्कच्या विमानात मुंबईबरोबरच नागपूर, ढाका, कोलंबो आणि नैरोबीचे प्रवासीही बसतात, त्यामुळे एका शहरातील मागणी मंदावली तरी विमान रिकामे जात नाही. थेट विमानाला हा आधार मिळत नाही. शिवाय सोळा तासांच्या उड्डाणात पहिल्या काही तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतो. सुटताना अशा विमानाच्या एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग इंधनाचाच असतो. म्हणून थेट सेवेचा हिशोब वेळेची किंमत मोजू शकणाऱ्या व्यावसायिक प्रवाशांवर बेतलेला राहिला आणि हबचा हिशोब मात्र मागच्या रांगांतील कुटुंबांवर.

या दोन हिशोबांतील फरक २००८मध्ये उघड झाला. त्या वर्षीच्या जुलैत कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले, पाठोपाठ आर्थिक मंदी आली, आणि डेल्टाची मुंबई सेवा पुढे काही वर्षांतच बंद पडली. आखाती कंपन्यांची भारतातील आसने मात्र वाढत होती. दोन देशांच्या कंपन्यांनी आठवड्याला एकमेकांकडे किती आसने न्यावीत हे ज्या द्विपक्षीय करारांनी ठरते, त्यांत २०१३मध्ये अबू धाबीसाठी आठवड्याची मर्यादा सुमारे तेरा हजारांवरून पन्नास हजारांवर नेली गेली आणि २०१४मध्ये दुबईची मर्यादा ५४,२०० वरून ६५,२०० झाली. आसने जितकी वाढतात तितके भाडे उतरते. त्या दशकात मराठी कुटुंबांतील आईवडिलांचे मुलांकडे अमेरिकेला जाणे जे आवाक्यात आले, त्यात या करारांचा वाटा मोठा आहे, आणि तो पुरेसा ओळखला गेलेला नाही. अमेरिकन कंपन्यांनी २०१५पासून आखाती सरकारांच्या अनुदानाविरुद्ध जाहीर तक्रार मांडली, तिच्यामागे हेच उतरलेले भाडे होते.

भाड्यातील फरक कुटुंबाच्या खर्चात किती उतरतो हे एका कल्पित पण वास्तवाला धरून घेतलेल्या उदाहरणातून पाहता येईल. नागपूरचे एक कुटुंब घ्यावे : दोन प्रौढ, सात वर्षांचे एक मूल आणि दीड वर्षाचे बाळ. न्यूयॉर्कचे जाऊन-येऊन भाडे मुंबईहून थेट १,२०,००० रुपये आणि नागपूरहून दोहामार्गे ९२,००० रुपये धरू. बाराखालील मुलाला साधारण पाऊण भाडे आणि मांडीवरील बाळाला सुमारे एक दशांश भाडे पडते असे मानले, तर थेट प्रवासाचे ३,४२,००० आणि एकथांबी प्रवासाचे २,६२,२०० रुपये होतात. फरक ७९,८०० रुपयांचा. बाळाच्या बाबतीत एक गोष्ट आधीच तपासावी लागते. सवलत वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंतच असते आणि प्रत्येक उड्डाणाच्या तारखेला ते वय मोजले जाते. परतीपूर्वी दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीसाठी बाळाला स्वतंत्र आसन घ्यावे लागते.

पण हा फरक येथेच संपत नाही, कारण नागपूरकरांसाठी मुंबईचे ‘थेट’ उड्डाण थेट नसतेच. आधी मुंबई गाठावी लागते, आणि ते देशांतर्गत विमानाने वेगळ्या तिकिटावर गाठायचे ठरवले तर सामानाची अडचण उभी राहते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळाल्या, तर तीन आसनांवर १३८ किलो सामान जाते. देशांतर्गत तिकिटावर माणशी पंधरा किलोप्रमाणे पंचेचाळीसच. उरलेल्या ९३ किलोंना किलोमागे पाचशे रुपये धरले तरी एका वेळचे ४६,५०० रुपये होतात. म्हणूनच विदर्भातील कुटुंबे पूर्वापार रात्रीच्या गाडीने मुंबईला येऊन नातेवाइकांकडे एक दिवस काढून मध्यरात्रीचे विमान पकडत आली. गेल्या दशकाच्या मध्यापासून नागपूर–दोहा सेवेने हा सगळा द्राविडी प्राणायाम टाळला, कारण तीत सामान नागपूरलाच देऊन न्यूयॉर्कलाच उचलता येते. पुणे किंवा नाशिकचे कुटुंब मोटारीने मुंबईला येऊ शकते, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे पारडे इतके झुकत नाही. तुलना तिकिटाच्या रकमांची न करता घराच्या दारापासून करायला हवी, आणि ती प्रत्येक गावासाठी वेगळी निघते.

एकथांबी प्रवासाची खरी जोखीम थांब्यातही नसते. ती तिकीट एक आहे की दोन, यात असते. दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकाखाली असतील आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे सुटले, तर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीची असते. स्वस्त पडतात म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे जोडली, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी फक्त वेळेवर आला नाही, आणि त्या क्षणी खरेदी करावी लागणारी नवी तिकिटे मिळवलेल्या बचतीच्या कितीतरी पटींनी महाग असतात. चार जणांच्या कुटुंबाने हा धोका पत्करू नये. सामान शेवटपर्यंत जाणार आहे की नाही हे नागपूरच्या खिडकीवरच कळते : बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाची खूण, म्हणजे JFK, असली पाहिजे, तेथे DOH दिसले तर सामान दोहापर्यंतच जाणार आहे. न्यूयॉर्कच्या पुढे आणखी देशांतर्गत विमान असेल तर मात्र पट्टीवर पुढचे शहर असूनही अमेरिकेतील पहिल्या विमानतळावर सीमाशुल्क तपासणीसाठी बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

विमान बदलण्यासाठी लागणाऱ्या किमान वेळेची मर्यादा प्रत्येक हबने ठरवलेली असते, आणि तिच्यापेक्षा कमी अंतराची जोडणी विकली जात नाही. पण ती मर्यादा तरुण, एकट्या आणि वाट माहीत असलेल्या माणसालाच पुरते. बाळ, ढकलगाडी किंवा चाकाची खुर्ची मागवलेले आजी-आजोबा सोबत असतील तर तीन-चार तासांचा थांबा बरा, कारण सगळे प्रवासी उतरल्यावरच खुर्ची येते आणि पुढच्या प्रवासासाठी सुरक्षा तपासणी पुन्हा होते. आठ-दहा तासांचा थांबा पुन्हा महाग होतो. विमानतळावरील चौघांचे दोन वेळचे जेवण बचतीतून वजा करावे लागते.

या काळात दोन्ही वाटांची हमी वेळोवेळी सुटली, हे मागे पाहताना सर्वांत ठळकपणे जाणवते. २०१७च्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारची कोंडी केली तेव्हा दोहाची वाट अरुंद झाली. २०२०च्या मार्चमध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबवली ती २०२२च्या मार्चअखेरीसच पुन्हा सुरू झाली. २०१९च्या डिसेंबरात नव्याने सुरू झालेली डेल्टाची मुंबई सेवा त्यातच गेली. २०२४च्या एप्रिलमध्ये दुबईत अतिवृष्टी झाली आणि हब ठप्प होताच जगभरातील जोडण्या काही दिवस विस्कटल्या. थेट उड्डाणेही सुरक्षित राहिली नाहीत. २०२२मध्ये रशियाचे आकाश अमेरिकन कंपन्यांना बंद झाल्यावर भारताच्या काही थेट सेवा त्यांना थांबवाव्या लागल्या, आणि २०२५च्या एप्रिलअखेरीस पाकिस्तानचे आकाश भारतीय कंपन्यांना बंद झाल्यावर दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही थेट विमाने इंधनासाठी युरोपात उतरू लागली. अधिक भाडे भरून टाळलेला थांबा प्रवाशांच्या वाट्याला आलाच. त्याच वर्षी जूनमध्ये कतारमधील अमेरिकन लष्करी तळावरील हल्ल्यामुळे दोहाचे आकाश काही तास बंद झाले तेव्हा एकाच तिकिटावरील प्रवाशांना नवी विमाने देण्याचे काम कंपनीने केले, आणि तुटक तिकिटे घेतलेल्यांना ते स्वतःच्या खर्चाने करावे लागले.