दारातून परतलेलं पार्सल आणि जाहिरातीचा खरा हिशेब

इन्स्टाग्रामवर सुती कुर्त्यांची जाहिरात दिसते. कापड इचलकरंजीचं, किंमत १,००० रुपये, आणि खाली लिहिलेलं असतं : पैसे माल हातात आल्यावर. पुण्यातल्या किंवा परभणीतल्या एखादीने बोट टेकवलं, नाव-पत्ता भरला की काम झालं. त्याच क्षणी विक्रेत्याच्या जाहिरात-खात्यात एक हजार रुपयांची विक्री जमा दिसते. पैसा मात्र अजून कुणाच्याच खिशातून निघालेला नसतो.

या दोन गोष्टींमध्ये सरासरी आठवडाभराचं अंतर असतं, आणि त्या अंतरात पुष्कळ काही घडतं. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘माल पोहोचल्यावर पैसे’ ही सोय आणली, तेव्हा फार थोड्या लोकांकडे कार्ड होतं आणि असलेल्यांचाही न पाहिलेल्या दुकानावर भरवसा नव्हता. आज भाजीच्या गाडीवरही यूपीआय चालतं, तरी अनोळखी दुकानाकडून पहिल्यांदा कपडे मागवताना हजारो गिऱ्हाइकं आधी पैसे द्यायला तयार नसतात. त्यात गैर काही नाही. फसवणूक सोसलेल्या माणसाने पाकीट दाबून धरणं साहजिक आहे. अडचण विक्रेत्याच्या हिशेबाची आहे : तो मोजतो ऑर्डरी, आणि त्याचं घर चालतं ठेवून घेतलेल्या मालावर.

जाहिरातीवर खर्चलेल्या प्रत्येक रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली, या आकड्याला धंद्यात ‘रोआस’ म्हणतात. पंचवीस हजारांच्या जाहिरातीवर लाखाची विक्री झाली, तर रोआस ४. आणि न स्वीकारलेलं किंवा पोहोचू न शकलेलं पार्सल विक्रेत्याकडे परत येतं, त्याला कुरिअरवाले ‘आरटीओ’ म्हणतात. या दोन आकड्यांची गाठ घालून दिल्याशिवाय सीओडीच्या धंद्यात फायदा झाला की तोटा, हे कळत नाही.

आपल्या कुर्त्याच्या विक्रेत्याचा एक आठवडा घेऊ. आकडे उदाहरणासाठी सोपे केले आहेत, पण अशा धंद्यात न शोभणारे नाहीत. जाहिरातीचा खर्च २५,००० रुपये. त्यावरचा १८ टक्के जीएसटी त्याला नोंदणीमुळे वळता करून मिळतो, म्हणून तो धरलेला नाही. सीओडीच्या ऑर्डरी १००, म्हणजे पडद्यावर एक लाखाची विक्री आणि रोआस ४. माल पाठवण्याआधी फोन केले, तेव्हा आठ जणांनी नको म्हटलं किंवा फोनच उचलला नाही. ९२ पार्सलं निघाली. त्यातली २३ दारातून किंवा दारापर्यंत न पोहोचताच परतली. ६९ जणांनी पैसे दिले, पण माप बसलं नाही म्हणून पाच जणांनी नंतर कुर्ते परत केले आणि पैसे मागून घेतले. उरल्या ६४ खऱ्या विक्री.

६४ विक्रींचे ६४,००० रुपये. यात ५ टक्के जीएसटी दडलेला आहे, तो सरकारचा. तो वजा करता विक्रेत्याचे उरतात सुमारे ६०,९५० रुपये. जाहिरातीच्या रुपयामागे ४ नव्हे, साधारण २ रुपये ४४ पैसे. यालाच निव्वळ रोआस म्हणायचं. एका ऑर्डरमागे जाहिरातीचे २५० रुपये लागले असं पडदा सांगतो. खरं तर टिकलेल्या एका विक्रीमागे जवळजवळ ३९० रुपये लागले.

इथेच थांबलं तरी चित्र अर्धंच राहतं, कारण परतलेलं पार्सल नुसतं विक्री बुडवत नाही, वर पैसेही खातं. जाताना प्रत्येक पार्सलला ७५ रुपये भाडं, परतीचे आणखी ६५. पैसे गोळा करून देण्याचे कुरिअर कंपनी प्रत्येक पोहोचलेल्या पार्सलमागे ३५ रुपये घेते. गिऱ्हाइकाच्या घरून कुर्ता परत आणायचा तर ९० रुपये. पिशवी-खोक्याचे २० रुपये गेले ते गेलेच. कुर्ता विक्रेत्याला ३५० रुपयांना पडतो, आणि परत आलेल्या २८ पैकी चार तरी मळलेले, उसवलेले, पुन्हा विकता न येणारे निघतात. हे सगळं मांडलं की खर्च होतो ३६,९०० रुपये. हाती उरतात सुमारे २४,०५० आणि जाहिरातीला दिलेत २५,०००. आठवडाभर राबून साडेनऊशे रुपयांचा तोटा, तोही रोआस ४ दिसत असताना. दुकानाचं भाडं, पगार, वीज अजून धरलेलंच नाही.

याहून घातक गोष्ट पुढे आहे. या विक्रेत्याने दोन जाहिराती चालवल्या होत्या, दोन्हींवर साडेबारा हजार. पहिलीत भडक रंग, ‘आज शेवटचा दिवस’ आणि मोठ्या अक्षरांत ‘आत्ता पैसे नकोत’. तिने ६० ऑर्डरी आणल्या. दुसरीत एक बाई कुर्ता घालून कापड चिमटीत धरून दाखवते, मापांचा तक्ता सांगते, धुतल्यावर किती आटतो तेही सांगते. तिने ४०च ऑर्डरी आणल्या. पडद्यावर पहिलीचा रोआस ४.८, दुसरीचा ३.२. कुणीही दुसरी बंद करून सगळे पैसे पहिलीवर लावेल.

आता पार्सलांचा माग काढू. पहिलीची ५५ पार्सलं निघाली, १९ परतली आणि पोहोचलेल्यांतून चार जणांनी कुर्ते नंतर परत केले. टिकल्या ३२ विक्री. दुसरीची ३७ निघाली, चार परतली, एक नंतर परत आला. टिकल्या ३२ विक्री. दोघींची कमाई अगदी सारखी! पण पहिलीने १८ पार्सलं जास्त फिरवली, तीन कुर्ते खराब केले आणि सगळा खर्च जाता २,३५० रुपयांचा खड्डा पाडला. दुसरीने १,४०० रुपये कमावून दिले. म्हणजे पडद्यावर हरलेली जाहिरात प्रत्यक्षात दुकान सांभाळत होती.

हे आपोआप दुरुस्त होत नाही, उलट बिघडतच जातं. ऑर्डर नोंदली गेली की वेबसाइटवरून मेटाला Purchase नावाचा संदेश जातो. आणखी कुणाला जाहिरात दाखवायची, हे मेटाची यंत्रणा त्या संदेशांवरून शिकते. दारात पार्सल नाकारणारा आणि आनंदाने पैसे मोजणारा तिला सारखेच दिसतात. मग ती पटकन बोट टेकवणारी माणसं शोधत जाते. त्यात बसमध्ये वेळ घालवायला ऑर्डर करणारेही आले, आणि एकाच वेळी तीन दुकानांत तोच कुर्ता मागवून जो आधी येईल तो ठेवणारेही आले.

पोहोच झाल्यावरच संदेश पाठवला तर? विचार बरोबर आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. मेटा नेहमीच्या मांडणीत क्लिकनंतरच्या सात दिवसांतली खरेदीच त्या जाहिरातीच्या खाती धरते. पार्सल खेड्यात नवव्या दिवशी पोहोचलं, तर ती पोहोच कोणत्याच जाहिरातीच्या नावावर लागत नाही. म्हणून बरेच जण मधला मार्ग घेतात : गिऱ्हाइकाने फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर होकार दिला की मगच सीओडीची खरेदी कळवायची. दारातला नकार यातून दिसत नाही, पण खोटे नंबर आणि उडत्या ऑर्डरी गळतात.

निव्वळ रोआस काढताना सर्वांत जास्त चूक होते ती तारखांची. या आठवड्याचा जाहिरात-खर्च आणि या आठवड्यात कुरिअरकडून आलेले पैसे समोरासमोर ठेवले, की हिशेब फसला. आलेले पैसे जुन्या ऑर्डरींचे असतात. दिवाळीआधी जाहिरात दुप्पट केली, तर त्या दिवसांत धंदा उगाच बुडालेला दिसेल, आणि दिवाळीनंतर जाहिरात कमी केली, की उगाच भरभराट दिसेल. ज्या तारखेला जाहिरातीचे पैसे गेले, त्याच तारखेच्या ऑर्डरी धरायच्या आणि त्यांतलं शेवटचं पार्सल पोहोचेपर्यंत किंवा परतेपर्यंत थांबायचं. कुरिअर साधारण तीन वेळा प्रयत्न करतो, मग परतीचा प्रवास, त्यामुळे तीस दिवस धरणं बरं. प्रत्येक ऑर्डरसोबत ती कोणत्या जाहिरातीतून आली याची खूण वेबसाइट जपून ठेवू शकते. जाहिरातीच्या दुव्यात `utm_campaign` भरलं की झालं. मग कुरिअरचा अहवाल ऑर्डर क्रमांकावरून त्याला जोडायचा. एक साधी एक्सेल पुरते.

परतीची कारणंही याच तक्त्यात लिहावीत, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ‘मारुती मंदिरामागे’ एवढाच पत्ता असेल तर पाठवण्याआधी विचारून घ्यावं. ‘गिऱ्हाईक घरी नव्हतं’ असा शेरा आला, तर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला फोन करावा. एकाच भागातल्या पाच-सहा पार्सलांवर काही मिनिटांच्या अंतराने तोच शेरा पडलेला असेल आणि गिऱ्हाइकं म्हणत असतील की आम्ही घरीच होतो, तर डिलिव्हरी बॉय तिकडे फिरकलेलाच नसण्याची शक्यता मोठी. अशा पिन कोडला दुसरी कुरिअर कंपनी लावून पाहावी. ‘घेतलं नाही’ हा शेरा बहुतेकदा उशिराशी बांधलेला असतो, कारण दिवस जातात तशी हौस ओसरते. वाचवलेल्या एका पार्सलची किंमत या हिशेबात सुमारे ६३० रुपये आहे. त्यासाठी माणूस बसवून फोन करवणं महाग नाही.

आणि आगाऊ ९९ रुपये घेण्याचा उपाय? त्याने परती घटतात, पण ऑर्डरीही घटतात. विक्रेते घाबरतात ते दुसऱ्याला. समजा, तेवढ्याच जाहिरातीवर शंभराच्या जागी ७५ ऑर्डरी आल्या, सहाच परतल्या, पोहोचल्यावर चार जणांनी परत केलं, दोन कुर्ते खराब झाले आणि ६५ विक्री टिकल्या. पडद्यावर रोआस ४ वरून ३ वर उतरेल, आणि हाती साडेनऊशेच्या तोट्याऐवजी जवळपास ३,१५० रुपये राहतील. पण ऑर्डरी पन्नासवर आल्या तर हाच उपाय तोट्यात नेईल. त्यामुळे सगळीकडे एकदम लागू न करता, ज्या पिन कोडवरून पार्सलं जास्त परततात तिथेच आधी महिनाभर करून पाहावा, आणि महिना उलटल्यावर ठेवून घेतलेल्या कुर्त्यांचा आकडा बघूनच तो ठेवायचा की काढायचा ते ठरवावं.