267 गजांतले तीन चौरस फूट

हैदराबादेत प्लॉटचा भाव गजावर बोलला जातो. तिथला गज म्हणजे आपला वार, तीन फुटांचा. 'दोनशे गजांचा प्लॉट' म्हणजे दोनशे चौरस वार, हे तिथे सांगावं लागत नाही. पण तोच प्लॉट पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाइकासाठी जाहिरातीत टाकायचा, तर आकडा चौरस फुटांत हवा.

पहिली चूक इथेच होते. तीन फुटांचा वार, म्हणून कुणी तिनाने गुणतो. पण जमिनीवर एक चौरस वार आखून पाहा: तीन फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात एकेक फुटाच्या फरश्या नऊ बसतात. म्हणून गुणायचं नऊने, आणि हा नऊ अंदाजाचा नाही, नेमका आहे. आपला गुंठाही त्याची साक्ष देतो. त्याची बाजू 33 फूट, म्हणजे 11 वार. 121 चौरस वारांना नऊने गुणलं की 1089 चौरस फूट बरोबर येतात.

क्षेत्र नवाने वाढलं की दर नवाने उतरतो. 45,000 रुपये गज म्हणजे 5,000 रुपये चौरस फूट. जाहिरातीच्या रकान्यात 200 लिहून एकक चुकून 'चौरस फूट' निवडलं, तर किंमत तीच राहून दर नऊपट दिसतो आणि गिऱ्हाईक फोनच करत नाही.

खरी गंमत पूर्णांकांत आहे. हैदराबादेत 267 गजांचे प्लॉट खूप दिसतात. हा विचित्र आकडा येतो 40 बाय 60 फुटांच्या प्लॉटवरून. 2400 चौरस फुटांना नऊने भागलं की 266.67 येतात, ते 267 करून लिहितात. आता हेच 267 उलट नऊने गुणा: 2403. तीन चौरस फूट कुठून आले? जमिनीत ते नाहीतच, ते कागदावर उगवले. वरच्याच दराने त्यांची किंमत 15,000 रुपये होते. माझ्या मते हे पैसे लबाडीचे नसून आळसाचे आहेत, पण भरणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?

म्हणून गजांचा आकडा नऊने गुणण्याआधी खरेदीखतात बाजूंची मापं पाहावीत. प्लॉट चौकोनी, चारही कोपरे काटकोनात असतील, तर लांबी-रुंदीचा फुटांतला गुणाकार हाच मूळ आकडा. एक बाजू तिरपी असेल, तर त्रिकोण वेगळा काढून मोजावा लागतो. खतात चौरस मीटर दिले असतील तर 10.764 ने गुणावं, मधे गज आणू नयेत, कारण प्रत्येक टप्प्यावर थोडं कापलं किंवा चिकटवलं जातं.

जाहिरातीत असं लिहा: '40 × 60 फूट, 2400 चौरस फूट (सुमारे 267 गज)'. 'सुमारे' हा शब्द गाळू नका.