माल आहे, पण मोकळा नाही

सांगलीकडचा एखादा पंपांचा वितरक डोळ्यांसमोर आणा. एप्रिल महिना आहे, बोअरचं पाणी खाली गेलंय आणि 5 एचपीच्या सबमर्सिबल पंपांना मागणी आहे. गोदामात 40 पंप आहेत. कारखान्याला आणखी 30 पंपांची ऑर्डर दिलेली आहे, ते दोन आठवड्यांनी पोचतील. सोमवारी तालुक्याच्या एका डीलरने 25 पंप मागितले, पण त्याला ते तीन आठवड्यांनी हवेत. मंगळवारी एका कंत्राटदाराने 20 मागितले, तेही शुक्रवारी आणि सगळे एकाच गाडीत, कारण दोनदा भाडं भरायची त्याची तयारी नाही. बुधवारी सकाळी जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला: पाच पंप, आजच्या आज.

पूर्वी हा हिशेब मालक डोक्यात करायचा. आता तो ईआरपीत होतो, म्हणजे विक्री, खरेदी, गोदाम आणि जमाखर्च एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. बऱ्याच ठिकाणी ते एका सोप्या नियमावर लावून ठेवलेलं असतं: जी ऑर्डर आधी पक्की झाली, तिच्या नावावर माल आधी राखायचा. तर सोमवारच्या डीलरच्या नावावर 25 लागले. कंत्राटदाराला उरलेले 15 मिळाले, त्याला 5 कमी पडले. आणि सगळे एकत्रच हवे असल्याने ते 15 सुद्धा जागेवरच अडकले. जुन्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला शून्य. बुधवारी दुपारी गोदामात 40 पंप रचलेले आहेत, स्क्रीनवर मोकळा साठा शून्य आहे आणि दारातून एकही पंप बाहेर पडत नाही.

आता हेच 40 पंप तारखेच्या क्रमाने वाटून पाहा. जुन्या गिऱ्हाइकाला आज 5, कंत्राटदाराला शुक्रवारी 20. उरले 15. दोन आठवड्यांनी 30 आले की 45 होतात, त्यातून डीलरचे 25 त्याच्या तारखेला सहज जातात. तिघांचंही काम वेळेवर होतं, एकही जादा पंप विकत न घेता. सॉफ्टवेअरने माल राखला ते बरोबरच होतं. फक्त तीन आठवड्यांनी लागणारा माल त्याने आज अडवून ठेवला.

ओडू या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी गोदामाच्या प्रत्येक प्रकारच्या हालचालीला एक सेटिंग असतं. त्यात तीन पर्याय दिसतात: `At Confirmation`, `Manually` आणि `Before scheduled date`. पहिला म्हणजे ऑर्डर पक्की होताक्षणी माल राखा, दुसरा म्हणजे कुणीतरी बटण दाबेल तेव्हाच राखा, आणि तिसरा म्हणजे पाठवायच्या तारखेच्या अमुक दिवस आधी राखा. तिसऱ्यात 5 दिवस भरले, तर डीलरची ऑर्डर आत्ता मालाला हातच लावत नाही. कंत्राटदाराची तारीख तीन दिवसांवर आहे, म्हणून त्याचे 20 लगेच राखले जातात आणि बुधवारच्या पाचांनाही वाट मिळते.

इथे व्यापाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती अशी: डीलरचे 25 राखलेच नाहीत, तर ते हिशेबातूनही गेले का? नाही. मागणी मोजणं वेगळं आणि माल अडवणं वेगळं. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये हा भेद स्पष्ट दिसतो. विक्रीची ऑर्डर पक्की केली की तिथे `Reserved Qty` वाढतं. नाव राखीव साठ्याचं असलं, तरी ती निव्वळ मागणीची बेरीज आहे. पुढे किती माल लागेल याच्या अंदाजात ती धरली जाते, पण दुसऱ्याच पार्टीचं चलान फाडून तोच माल पाठवला तर ती आडवी येत नाही. खरोखर अडवणारी सोय पंधराव्या आवृत्तीत आली. ती स्टॉक सेटिंग्जमध्ये चालू करावी लागते, आणि मग `Stock Reservation Entry` नावाची वेगळी नोंद त्या ऑर्डरीच्या नावावर माल बांधून ठेवते. `Reserved Qty` चा आकडा बघून माल राखून ठेवलाय असं समजणाऱ्या माणसाला तो गेल्याचं कळतं ते गाडी भरायच्या दिवशीच.

उशिरा राखण्यात धोका आहेच. कारखान्याची गाडी आठवडाभर लांबली, मधल्या काळात उरलेले 15 पंप इतरांनी उचलले, की सगळ्यात आधी ऑर्डर दिलेला डीलर कोरडा राहतो. त्याने ॲडव्हान्स भरला असेल तर हे शोभणारं नाही. माझं मत असं, की पैसे आलेल्या ऑर्डरीचा माल हाताने राखावा, तारीख लांबची असली तरी. आणि पैसे न आलेल्या ऑर्डरीवर राखलेला माल काही दिवसांनी सोडून द्यावा. दुसरी गोष्ट करायला लोक बिचकतात, आणि तोंडी सौद्यांच्या नावाने महिनोन्‌महिने माल पडून राहतो.

क्रम बदलायचा म्हटला की आणखी एक गुंता पुढे येतो. ओडूत तातडीच्या ऑर्डरीवर चांदणी लावता येते. नवा माल आला की तो आधी चांदणीवाल्याकडे आणि मग तारखेप्रमाणे जातो. पण आधीच राखलेला माल चांदणी परत घेत नाही. समजा दोन गिऱ्हाइकांना प्रत्येकी 8 पंप आणि 8 स्टार्टर पॅनेल हवेत, आणि दोघांनाही सगळं एकत्रच हवं. पंप आठच होते, ते पहिल्याकडे लागले, पॅनेल नव्हते. मालकाने दुसऱ्यावर चांदणी लावली. पॅनेल आले आठ, ते गेले दुसऱ्याकडे. आता एकाकडे नुसते पंप, दुसऱ्याकडे नुसते पॅनेल, आणि दोन्ही ऑर्डरी उभ्या. चांदणी लावण्यासोबत पहिल्याचे पंप सोडवायला हवे होते. ते सोडवतानाही लगेच दुसऱ्याच्या नावावर राखावे लागतात, नाहीतर मधल्यामध्ये तिसरीच ऑर्डर ते उचलते. हा गुंता साठ्याच्या अहवालात दिसत नाही, कारण तिथे सगळा माल राखलेला, म्हणजे कामाला लागलेलाच दिसतो. तो शोधायचा तर ज्या ऑर्डरी एकत्रच पाठवायच्या आहेत आणि चार-पाच दिवस अर्धवट राखलेल्या आहेत, तेवढ्याच बाजूला काढून बघाव्या लागतात.

मोठ्या कंपन्या असं एकेक सोडवत बसत नाहीत, सगळ्या ऑर्डरींचं वाटपच नव्याने करतात. सॅपच्या एस/4हानामध्ये त्यासाठी ऑर्डरींचे पाच गट पाडता येतात. `Win` गटाला मागितलं तेवढं आणि मागितलं त्या तारखेला मिळतं. `Gain` चं आधीचं वचन मोडत नाही, झालंच तर सुधारतं. `Redistribute` चं कमीजास्त होऊ शकतं. `Fill` ला वाढवून मिळत नाही, घट मात्र होऊ शकते. `Lose` च्या हातचं सगळं काढून घेतलं जातं. आपल्या उदाहरणात ॲडव्हान्स भरलेला डीलर `Gain` मध्ये बसेल आणि पैसे न आलेल्या ऑर्डरी `Lose` मध्ये. मात्र ज्याची तारीख पुढे सरकली त्याला फोन कोण करणार, हे आधी ठरलेलं असावं. ते ठरलेलं नसलं की गिऱ्हाईक टेम्पो घेऊन गोदामाच्या दारात उभं राहतं.

तारखेवर वाटप सुरू झालं की विक्रीची मंडळी महिन्याभरात एक गोष्ट शिकतात: तारीख जवळची टाकली की माल मिळतो. मग प्रत्येक ऑर्डर उद्याची होते, प्रत्येकीवर चांदणी लागते, आणि वाटप पुन्हा आधी आला त्याला यावर येऊन थांबतं. हे पकडणं अवघड नाही. ऑर्डरीत टाकलेली तारीख आणि गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष माल उचलल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवायची. तयार ठेवलेला माल ज्याची गिऱ्हाइकं दर वेळी दहा-बारा दिवसांनी नेतात, त्या विक्रेत्याच्या हातून चांदणी लावायचा अधिकार काढून तो गोदाम आणि हिशेब बघणाऱ्या एकाच माणसाकडे द्यायचा.